गोल घुमटाच्या सज्जात: कुजबुज का पोहोचते आणि निनाद का रेंगाळतो

विजापूरच्या गोल घुमटाकडे आम्ही, म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण, एकच प्रश्न घेऊन गेलो होतो: घुमटाच्या भिंतीजवळ केलेली कुजबुज पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते, पण खाली दालनात मोठ्याने बोललेले वाक्य कळत नाही, असे का होते? या दोन्ही गोष्टींना सरसकट प्रतिध्वनी म्हटले जाते, पण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि ती जागेवर उभे राहून तपासता येतात.

मुहम्मद आदिलशाहाची ही कबर 1656 च्या सुमारास पूर्ण झाली. सुमारे 41 मीटर बाजूच्या चौरस दालनावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उभारून, त्यांच्यावर आतून जवळजवळ 38 मीटर व्यासाचा घुमट बसवलेला आहे. घुमटाच्या पायाशी, जमिनीपासून साधारण 33 मीटर उंचीवर, आतल्या बाजूने गोल सज्जा फिरतो. तिथे जाण्यासाठी कोपऱ्यातल्या मनोऱ्यातील अरुंद आणि उंच पायऱ्यांचे सात मजले चढावे लागतात. वर पोहोचल्यावर लगेच प्रयोगाला लागू नये. दम लागलेला असताना आपला स्वतःचा श्वासच कानात घुमत राहतो.

आम्ही सज्जात समोरासमोर बसलो. सुरुवातीला मी कठड्याजवळून, बहिणीकडे तोंड करून कुजबुजलो आणि तिला जवळजवळ काहीच कळले नाही. मग मी भिंतीला खांदा लावून बसलो आणि तोंड समोर न करता भिंतीच्या कडेने वळवले. त्याच आवाजात म्हटलेला "शिस्त" हा शब्द तिला असा ऐकू आला, की तिने हात वर केला आणि भिंतीतूनच उत्तर दिले, "दादा, तू अगदी माझ्या मागे बसल्यासारखा वाटतोस!" त्यानंतर मी "मामा" असे कुजबुजलो, तेव्हा मात्र तिला केवळ श्वासासारखे काहीतरी जाणवले.

या अनुभवाचे मूळ वर्तुळाच्या साध्या भूमितीत आहे. ध्वनी वक्र भिंतीवर ज्या कोनात आदळतो त्याच कोनात परततो आणि भिंत वर्तुळाकार असल्यामुळे पुढच्या प्रत्येक आदळण्यात तोच कोन कायम राहतो. म्हणून स्पर्शिकेपासून 20 अंशांच्या आत निघालेला ध्वनी 19 मीटर त्रिज्येच्या या भिंतीपासून कधीही सव्वा मीटरपेक्षा जास्त दूर जाऊ शकत नाही. चार-पाच टप्प्यांत तो भिंतीला बिलगून अर्धा परीघ, म्हणजे जवळपास 60 मीटर, पार करतो. मोकळ्या हवेत ध्वनी सगळीकडे पसरतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथा हिस्सा उरते. भिंतीलगतच्या पट्ट्यात त्याला मुख्यतः पुढेच जायला वाव असतो, त्यामुळे तीव्रता कितीतरी सावकाश घटते. वाट लांबची असूनही आवाज जास्त का पोहोचतो, याचे उत्तर इथे आहे. हे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधल्या सज्जासंबंधी मांडले. वाकवलेल्या पत्र्याच्या प्रतिकृतीत आतल्या कडेला एक अरुंद अडथळा ठेवताच आवाज पोहोचणे थांबते, हे त्यांनी दाखवूनही दिले.

"शिस्त" पोहोचतो आणि "मामा" हरवतो, याचेही कारण त्याच पट्ट्यात आहे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे आवाजात मुख्यतः श, स यांसारखी उच्च कंप्रतेची सळसळ उरते. 3000 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी अवघी 11 सेंटिमीटर असते, तर 200 हर्ट्झची 1.7 मीटर. तरंगलांबी जितकी लहान, तितका ध्वनी भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यात टिकतो. खालच्या पट्टीच्या आवाजासाठी हा पट्टा कित्येक पट रुंद होतो, म्हणून तोच आवाज पातळ होऊन मोकळ्या पोकळीत पसरतो.

समोरच्या टोकाला मात्र आणखी एक गोष्ट घडते. उत्तर ध्रुवावरून निघालेली सगळी रेखावृत्ते दक्षिण ध्रुवावर पुन्हा एकत्र येतात, त्याप्रमाणे घुमटाच्या वक्र पृष्ठभागावरून वर चढलेला ध्वनीही व्यासाच्या दुसऱ्या टोकाशी एकवटतो. खगोलशास्त्रज्ञ एअरी यांचे स्पष्टीकरण याच केंद्रीकरणाचे होते. आम्ही दोन्ही तपासले: बहीण भिंतीलगत पाव परिघावर सरकली तेव्हाही शब्द कळले, पण बरोबर समोर ते ठळक होते. माझ्या मते या वास्तूत दोघांचेही म्हणणे लागू पडते. सी. व्ही. रामन यांनीही 1920 च्या दशकाच्या आरंभी अशा सज्जांचा अभ्यास केला. सेंट पॉलमध्ये त्यांना आणि सदरलँड यांना भिंतीपासून दूर जाताना आवाज एकसारखा कमी न होता आलटून पालटून कमी-जास्त होताना आढळला. म्हणून ऐकताना डोके भिंतीपासून सावकाश मागे-पुढे न्यावे.

खाली दालनात उतरल्यावर प्रश्न बदलतो. बंदिस्त जागेत ध्वनी दोन आदळण्यांच्या दरम्यान सरासरी किती अंतर कापतो, हे घनफळाची चौपट करून तिला एकूण पृष्ठफळाने भागले की कळते. 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच खोलीत हे अंतर अडीच मीटर येते, त्यामुळे ध्वनी सेकंदाला सुमारे 134 वेळा आदळतो. इथे घनफळ अंदाजे 70,000 घनमीटर आणि पृष्ठफळ 9,400 चौरस मीटर धरले, तर अंतर 30 मीटर येते आणि सेकंदाला जेमतेम 11 आदळणी होतात. प्रत्येक वेळी 5 टक्के ऊर्जा शोषली जाते असे दोन्हीकडे मानले, तर ऊर्जा दशलक्षांश होण्यासाठी सुमारे 270 आदळणी लागतात, म्हणजे खोलीत दोन सेकंद आणि इथे वीसहून अधिक. हे गणित वरची मर्यादा दाखवते, कारण दरवाजे, माणसे आणि स्वतः हवाही ध्वनी शोषतात. हवा उच्च कंप्रता आधी गिळते, म्हणूनच शेवटी उरतो तो खर्जातला घुमारा, आणि व्यंजने पुसली गेल्यामुळे भाषणाचा अर्थ हरवतो.

जाणाऱ्यांनी सकाळी दार उघडताच वर पोहोचावे. आमचे टाळीचे ध्वनिमुद्रण नऊनंतर आलेल्या एका मोठ्या गटाच्या आरोळ्यांत बुडाले आणि तो निनाद विरेपर्यंत दुसरा आवाज येऊन मिसळत राहिला. भिंतीजवळून एकच कोरडी टाळी वाजवावी, पूर्ण शांतता होईपर्यंत थांबावे आणि मगच दुसरी वाजवावी. फोनमध्ये नोंदवलेल्या आलेखातील ठोक्यांमधले अंतर मोजावे: व्यास ओलांडून परतणाऱ्या ध्वनीला 76 मीटर जायचे असल्याने 0.22 सेकंद लागतात आणि भिंतीच्या कडेने पूर्ण फेरी मारणाऱ्याला जवळजवळ 0.35 सेकंद. अंतर यांपैकी कोणत्याच आकड्याशी जुळले नाही, तर तो बहुधा दुसऱ्या कोणाचा आवाज असतो. बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने दोघांनीही भिंतीपासून वीतभर अंतरावर राहावे. मधे कोणी भिंतीला टेकून उभे असेल, तर त्याला आधी बाजूला होण्याची विनंती करावी, कारण रॅले यांच्या प्रतिकृतीतला अडथळा तोच असतो.