नाव एक, रंग दोन

बारावीच्या कोऑर्डिनेशन कंपाउंड्सच्या धड्यावर मी जे वर्कशीट काढते त्यात नावांचे प्रश्न एकीकडे आणि रंगांचे दुसरीकडे असायचे. तसं केलं की मुलं दोन्हीकडे पाठांतरावर निभावून नेतात. नावाचे नियम पाठ, आणि रंगाला एकच छापील उत्तर: "डी-डी ट्रान्झिशनमुळे", म्हणजे धातूचा इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून एका डी पातळीतून दुसऱ्या डी पातळीत उडी मारतो म्हणून. यंदा म्हणून शेवटचा प्रश्न दोन्ही मिळून काढला आणि तो नुसता कागदावर ठेवला नाही. टेबलावर दोन वॉच ग्लास मांडले, एकात हिरवी भुकटी, दुसऱ्यात जांभळी. फळ्यावर दोन्हींसाठी एकच सूत्र लिहिलं, [Co(en)2Cl2]Cl. प्रश्न एवढाच होता की दोन्हींची नावं लिहा आणि रंग वेगळे का ते सांगा.

मीठ वरच्या मजल्यावरच्या एम.एस्सी.च्या लॅबमधून आणलं होतं. आमच्याकडे ज्युनिअर आणि सिनिअर कॉलेज एकाच इमारतीत आहे, त्याचा हा फायदा. तिथली मुलं कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणात इथिलीनडायअमाइन घालून काही तास हवेचे बुडबुडे सोडतात, म्हणजे कोबाल्टचा ऑक्सिडेशनचा आकडा दोनवरून तीनवर जातो. मग कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल घालून वॉटर बाथवर आटवलं की हिरवे स्फटिक पडतात. त्यांच्यात थोडं एचसीएल अडकलेलं असतं, ते ओव्हनमध्ये ११० अंशांना तापवून घालवावं लागतं. तसं केलं नाही तर पुढची क्लोराइडची चाचणी फसते.

नावापासून सुरुवात झाली. निम्म्या वर्गाने "बिस" आधी लिहिलं. कारण त्यांनी बिसमधला बी आणि डायक्लोरिडोमधला डी असा क्रम लावला होता. पण संख्या सांगणारे उपसर्ग क्रमात धरायचेच नाहीत. क्लोरिडोचा सी आणि इथेनचा ई एवढंच बघायचं, म्हणून डायक्लोरिडो आधी. "बिस" का, "डाय" का नाही, तर लिगंडच्या, म्हणजे कोबाल्टला जोडलेल्या रेणूच्या, नावातच एक "डाय" बसलेला आहे, इथेन-१,२-डायअमाइन. इथिलीनडायअमाइनचंच हे नियमानुसार नाव, सूत्रात en. दोनदा डाय आला की वाचणारा गोंधळतो. कोबाल्टचा आकडा काढायला en उदासीन, चौकटी कंसाच्या आतले दोन क्लोराइड मिळून उणे दोन, कंसाबाहेरचा एक उणे एक, म्हणजे कोबाल्ट अधिक तीन. पूर्ण नाव झालं डायक्लोरिडोबिस(इथेन-१,२-डायअमाइन)कोबाल्ट(III) क्लोराइड. काही जणांनी "कोबाल्टेट" लिहिलं होतं. ते फक्त कॉम्प्लेक्सवर ऋणभार असेल तेव्हा. इथे तो धन आहे.

इथपर्यंत नेहमीचंच. खरी गंमत पुढे होती, कारण हे नाव दोन्ही वॉच ग्लासना तंतोतंत लागू पडत होतं.

रंगाची उत्तरं तीन प्रकारची आली. पहिला गट म्हणाला, एकात कोबाल्ट तीन, दुसऱ्यात दोन. पण सूत्र एकच असल्यावर आकडा कसा बदलेल? ते त्यांनीच खोडलं. दुसरा गट म्हणाला, लिगंड वेगळे. तेही सूत्रात बसत नव्हतं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र अडून बसली. "मॅडम, सूत्र तुम्ही लिहिलंय. कशावरून दोन्हीत दोनच क्लोराइड आत आहेत? एखाद्यात एकच आत असेल, दुसऱ्याच्या जागी पाणी असेल, आणि दोन बाहेर असतील."

शंका अगदी रास्त होती. पाणी आत आणि क्लोराइड बाहेर असे हायड्रेट आयसोमर क्रोमियम क्लोराइडमध्ये असतात आणि त्यांचे रंग वेगळे असतात, हे तिने धड्यात वाचलं होतं. मी म्हटलं, "मग सिल्व्हर नायट्रेटला विचार. बाहेरचा क्लोराइड लगेच अवक्षेपात येतो, आतला येत नाही."

नुसतं पांढरं पडलं की नाही यावर हे कळत नाही, किती पडलं ते मोजावं लागतं. म्हणून सोपी वाट धरली. या मिठाचं सूत्रभार साधारण २८५.५, म्हणजे ०.२८५ ग्रॅम घेतलं की एक मिलिमोल. दोन्ही मिठं तेवढी तोलून गार पाण्यात विरघळवली आणि प्रत्येकात ०.१ मोलरचं सिल्व्हर नायट्रेट १० मिलिलिटर घातलं. हेही बरोबर एक मिलिमोल. बाहेर एकच क्लोराइड असेल तर सगळा इथेच संपेल. बाहेर दोन असतील तर एक मिलिमोल शिल्लक राहील, आणि गाळलेल्या द्रावणात आणखी सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पुन्हा दाट पांढरं होईल.

गाळून घेतलं. हिरव्याचा गाळ वर राहिला, खाली नितळ हिरवं पाणी. त्यात आणखी थेंब टाकले, काही झालं नाही. जांभळ्याचंही तसंच. वर्गाने निकाल दिला की दोन्हीत बाहेर एकच क्लोराइड.

पण त्या मुलीने जांभळी परीक्षानळी स्टँडवरून हलवली नव्हती. थोड्या वेळाने ती ओरडली, "मॅडम, आता गढूळ झालंय!" आणि झालं होतं खरं. हिरवी नळी अजून जवळपास नितळ होती, जांभळी मात्र दुधाळ व्हायला लागली होती. तिच्या दृष्टीने हा पुरावाच होता.

इथे घाई केली की उत्तर उलटं निघतं. पाण्यात हे आयन स्वस्थ बसत नाहीत. आतला क्लोराइड हळूहळू सुटतो आणि त्याच्या जागी पाणी शिरतं. जांभळा हिरव्यापेक्षा बराच लवकर सुटतो, म्हणून आधी तोच गढूळला. बाहेरचा क्लोराइड क्षणात सापडतो, आतला वेळ घेऊन बाहेर येतो. चाचणी गार द्रावणात आणि लगेच करायची ती याचसाठी. तिला मी नळीचा रंगही बघायला सांगितला. जांभळा आता गुलाबीकडे झुकला होता. आत क्लोराइड कमी होऊन पाणी आल्याची ती खूण.

म्हणजे आत काय बसलंय ते दोन्हीत सारखं. राहिलं ते कुठे बसलंय. आठ बाजूंच्या आकृतीत, सहा कोपरे असलेल्या अष्टफलकात, दोन क्लोराइड शेजारी असतील किंवा समोरासमोर. समोरासमोर ते ट्रान्स, हिरवं. शेजारी ते सिस, जांभळं. नावाला फक्त हा एक शब्द पुढे जोडायचा होता.

मग रंग. वर्कशीटवर रंगचक्र छापलेलं होतं. जांभळ्याला ते छान चालतं. सिस आयन साधारण ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो, चक्रात समोरचा रंग जांभळा, झालं. हिरव्याला चक्र लावलं की मुलं म्हणतात, लाल शोषतो. ते अर्धंच खरं आहे. ट्रान्स आयनाचा एक पट्टा ६२० नॅनोमीटरच्या जवळ, नारिंगी-लाल भागात असतो, आणि दुसऱ्या टोकाला निळ्या-जांभळ्या भागातही तो शोषतो. दोन्ही टोकं खाल्ली गेल्यावर मधला हिरवा उरतो. एकाच पट्ट्यावरून हिरवा समजावायला गेलं की फसतं, म्हणून चक्राखाली मी यापुढे "एक पट्टा असेल तरच" असं छापणार आहे.

एका जागी ५३० आणि दुसरीकडे ६२०, तेही लिगंड तेच असताना? मुलांना शिकवलेली Δ, म्हणजे डी पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर, ही एकच संख्या असते, सहाही कोपरे सारखे धरून काढलेली. इथे कोपरे सारखे नाहीत. en चा नायट्रोजन क्लोराइडपेक्षा जोरदार लिगंड आहे. ट्रान्समध्ये एका अक्षावर दोन्ही टोकांना क्लोराइड, उरलेल्या दोन अक्षांवर सगळीकडे नायट्रोजन. एक अक्ष फार कमजोर, दोन जोरदार. या असमानतेमुळे एकच असायला हवा होता तो पट्टा फाटून दोन होतो, आणि त्यातला एक खाली, लालकडे ढकलला जातो. सिसमध्ये एक अक्ष नायट्रोजन-नायट्रोजन आणि दोन अक्ष नायट्रोजन-क्लोराइड. तिथेही फरक आहे, पण ट्रान्सच्या निम्मा, म्हणून पट्टा फाटल्याचं डोळ्याला दिसत नाही, नुसता रुंद होतो. बोर्डाच्या परीक्षेत एवढं कोणी विचारत नाही. पण "डी-डी ट्रान्झिशन" एवढ्याच उत्तराने दोन वॉच ग्लासमधला फरक सुटत नाही, हे त्यांना समोर दिसत होतं.

मग मी हिरव्यातलं थोडं चिनी मातीच्या बशीत घेतलं, थोड्या पाण्यात विरघळवलं आणि वॉटर बाथवर ठेवलं. एचसीएल घातलं नाही, हे महत्त्वाचं. पाणी आटत आलं तसा कडेने जांभळा रंग चढायला लागला, आणि कोरडं झालं तेव्हा बशीभर जांभळं. कशाचीही भर घातली नव्हती, तरी तेच मीठ रंग बदलून बसलं होतं. मुलांनी हातमोजे घालून बशी फिरवून फिरवून पाहिली. (कोबाल्टचे क्षार हाताला लागू देऊ नयेत. लॅबमधल्या मामांनी हे तीनदा सांगितलं, तरी एकाने उघड्या बोटाने कड खरवडलीच.) उलटा प्रवास करायचा तर त्याच भुकटीवर कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल घालून पुन्हा आटवायचं, हिरवं परत येतं. ते आम्ही फ्यूम हूडमध्ये, मामांच्या हातून केलं.

आटेपर्यंत मी त्यांना याच रंगांवरून चाललेलं भांडण सांगितलं. झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये अष्टफलकाची कल्पना मांडली. कोपनहेगनचे योर्गनसेन यांना ती पटेना. ही हिरवी-जांभळी जोडी त्यांच्याकडेही होती, पण त्यांचं म्हणणं असं की फरक en च्या जोडणीत आहे, जागेत नाही. जागेचा फरक खरा असेल तर साध्या अमोनियाच्या संयुगातही दोन रंग मिळायला हवेत, आणि तिथे तर फक्त हिरवं ठाऊक होतं. वेर्नरने जांभळं अमोनिया-संयुग १९०७ मध्ये बनवून दाखवलं, आणि योर्गनसेननी माघार घेतली. सहा लिगंड एका पातळीत षट्कोनात किंवा त्रिकोणी प्रिझमवर असते तर अशा संयुगाचे तीन प्रकार निघाले असते. निघाले दोनच.

एवढं ऐकून ती तिसऱ्या बाकावरची मुलगी बॉल-स्टिक मॉडेल घेऊन बसली होती. सिसचं मॉडेल आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब तिने शेजारी ठेवले आणि विचारलं, "मॅडम, हे एकमेकांवर बसत नाहीत. म्हणजे जांभळ्यातही दोन आहेत. मग त्यांचे रंग वेगळे का नाहीत?"

कारण आरशातल्या जोडीत प्रत्येक अक्षावर तेच लिगंड आहेत, असमानताही तेवढीच. ऊर्जेची अंतरं सारखी, म्हणून शोषणही सारखं. फरक कळायला ध्रुवित प्रकाश लागतो. तो एक जण डावीकडे वळवतो, दुसरा उजवीकडे. वर्कशीटच्या मागच्या बाजूला तिने लिहिलं, "वरच्या लॅबमध्ये पोलरिमीटर आहे का?" आहे. पण आमच्या बाटलीतलं जांभळं मीठ दोन्हींचं सारख्या प्रमाणातलं मिश्रण आहे, आणि ते पोलरिमीटरला शून्यच दाखवणार. आधी दोघं वेगळे करायला हवेत, आणि त्यासाठी टार्टारिक आम्लासारख्या एखाद्या आम्लाच्या आरशातल्या जोडीपैकी एकाच रूपाशी क्षार बनवून तो टप्प्याटप्प्याने स्फटिकवावा लागतो.