तीस मिनिटांची शॉर्टफिल्म वीसवर आणताना: कात्रीचा दुसरा टप्पा

मागच्या नोंदीत शूटिंग संपल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर रफ कट लागला आणि तो श्रेयनामावलीसकट ३० मिनिटं १० सेकंदांचा भरला. आम्हाला २० मिनिटांच्या आत यायचं आहे. म्हणजे एक तृतीयांश फिल्म जायला हवी.

गोष्ट नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आबा गेल्यावर शालू कोल्हापूरहून माहेरी, साखरप्याजवळच्या गावात येते. तिला वाटतं, वर्षश्राद्धाला बोलावलंय. दादाला तिची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. बाकी सगळं एका रात्रीत घडतं.

पहिला मोह असा होतो की प्रत्येक शॉटच्या आगेमागे थोडं थोडं खरवडावं. त्याचा हिशोब मी आधीच मांडला. आमच्या टाइमलाइनवर साधारण २०० कट आहेत. प्रत्येकातून १२ फ्रेम काढल्या तर २४०० फ्रेम होतात, आणि २५ फ्रेमच्या वेगाने त्याचे ९६ सेकंद. दहा मिनिटं हवी असताना हाताला दीड मिनिट लागतं, आणि त्या बदल्यात नटांचा श्वास जातो. संवादाआधीची ती अर्ध्या सेकंदाची शांतता सगळीकडून गेली की फिल्म घड्याळात छोटी होते, पण बघताना लांब वाटते, कारण कुठलंच वाक्य मनात उतरायला जागा उरत नाही. म्हणून क्रम ठरवला: आधी अख्खे सीन, मग सीनमधली वाक्यं, फ्रेम अगदी शेवटी.

सीन निवडायला मी एक तक्ता केला. प्रत्येक सीनपुढे एकच गोष्ट लिहिली: इथे प्रेक्षकाला पहिल्यांदा काय कळतं? जे आधी कळलेलं आहे ते लिहायचं नाही. तक्ता भरल्यावर तीन रकाने जवळपास रिकामे राहिले.

पहिला एसटीचा प्रवास. आंबा घाटातलं धुकं, खिडकीशी शालू, २ मिनिटं ४० सेकंद. आमच्या कॅमेरामनचं सगळ्यात देखणं काम. पण त्यातून कळतं एवढंच की ती लांबून आली आहे, आणि ते थांब्यावर बॅग घेऊन उतरताना दिसतंच. गोष्ट ती उतरल्यावर सुरू होते. उतरण्याचे २० सेकंद ठेवले.

दुसरा तलाठी कार्यालयाचा. दादा वारस नोंदीसाठी जातो आणि तलाठी त्याला सांगतात की सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव लागणार, तिला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागेल. साडेतीन मिनिटं. कायद्याच्या दृष्टीने बिनचूक सीन आहे, मात्र तो प्रेक्षकाला शालूच्या आधी सगळं सांगून टाकतो. मग जेवताना दादा विषय काढतो तेव्हा आपण तिच्याबरोबर दचकत नाही, तिला कधी कळेल याची वाट बघत बसतो. हा सीन गेल्याने वेळेपेक्षा फिल्मचा दृष्टिकोन जास्त सुधारला.

तो काढल्यावर एक माहिती मात्र उघडी पडली: तिचं नाव सातबाऱ्यावर आलंय हे कुणीतरी सांगायला हवं. स्वयंपाकघरातल्या सीनमध्ये वहिनी काही क्षण पाठमोरी आहे, ओठ दिसत नाहीत. तिथे एक वाक्य डब करून टाकलं: “सातबारा आला हो, वन्सं. तुमचंही नाव आहे त्यावर.” त्याच स्वयंपाकघरात, त्याच माइकवर रेकॉर्ड केल्यामुळे आवाजाची खोली जुळली. शालू याला मायाच समजते. तिसऱ्या मिनिटाला ऐकलेलं हे वाक्य नवव्या मिनिटाला वेगळं वाटू लागतं.

तिसरा विहिरीचा फ्लॅशबॅक, २ मिनिटं १० सेकंद. तो काढला आणि तीन मित्रांना फिल्म दाखवली. काय कापू असं विचारलं नाही, फक्त काय घडलं ते सांगायला लावलं. शेवटी शालू रहाटावर हात ठेवते. दोघांना वाटलं की ती विहीर कुणाच्या हिश्शात येईल ते बघतेय. फ्लॅशबॅकने पेरलेला अर्थ त्याच्याबरोबर निघून गेला होता आणि शेवट निराधार झाला होता. सीन काढल्यावर पुढे त्याच्यावर काय उभं होतं ते असं शोधावं लागतं. तोडगा आठ सेकंदांचा निघाला. ती अंगणात येते तेव्हा रहाटाची कुरकुर ऐकू येते आणि ती वळून हसते. हे हसू दुसऱ्या एका टेकच्या शेवटी, मी ‘कट’ म्हणण्याआधी मिळालं.

आता वाक्यं. जेवणाचा सीन सव्वाचार मिनिटांचा होता. मधला भाग असा:

“शालू, एक विषय होता.”
“काय, दादा?”
“आबांच्या जमिनीचा.”
“जमिनीचं काय?”
“वकिलांनी कागद केलाय. तुझी सही लागेल.”
“म्हणजे मी माझा हिस्सा सोडायचा?”
“सोडायचा म्हणजे… तुझं घर काय, हे घर काय, एकच.”

शालूची तिन्ही वाक्यं प्रश्न आहेत, आणि पहिल्या दोघांचं काम दादाला पुढचं वाक्य मिळवून देणं एवढंच. लिहिताना ते लागतात, पडद्यावर चेहरा असला की लागत नाहीत. तिसरा प्रश्न चांगला होता, अभिनेत्रीने तो सुंदर म्हटला होता. पण तिचा घास हातात थांबतो तो क्लोजअप त्याच्या आधीच आहे. हात थांबला तिथे प्रेक्षकाने प्रश्न विचारलेला असतो. आता सीन असा आहे:

“वकिलांनी कागद केलाय.”
(शालूचा हात थांबतो.)
“तुझी सही लागेल.”
(शालू. बराच वेळ.)
“तुझं घर काय, हे घर काय, एकच.”

शेवटचं वाक्य दादावर न दाखवता शालूच्या चेहऱ्यावरच ऐकू येतं. त्यामुळे दादाच्या ताटातला भात मध्येच कमी झालेला दिसत नाही. मास्टर शॉटमध्ये तो फरक लगेच डोळ्यात येतो, म्हणून हा तुकडा पूर्ण क्लोजअपमध्येच ठेवला. आवाज जास्त चिवट निघाला. मागे रातकिडे होते आणि प्रत्येक कटला त्यांची लय तुटत होती. डोळे मिटून ऐकलं की कट मोजता येत होते. त्याच रात्री पडवीत रेकॉर्ड केलेला नुसत्या वातावरणाचा आवाज सीनखाली सलग अंथरला आणि संवादांच्या दोन्ही टोकांना छोटे फेड दिले. आता सांधा ऐकू येत नाही. सीन २ मिनिटं ३५ सेकंदांचा झाला, आणि त्यातली “बराच वेळ” ही जागा उलट दोन सेकंदांनी वाढवली आहे.

कामाची पद्धत विचारणाऱ्यांसाठी: दाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रत्येक फेरीआधी टाइमलाइनची प्रत काढतो. वाक्य काढून बघायचं असेल तेव्हा आधी `D` दाबून क्लिप बंद करतो आणि तिथली पोकळी तशीच ठेवून ऐकतो. पोकळीतही अर्थ लागला तरच `Delete`, म्हणजे मागचं सगळं पुढे सरकतं.

सध्या लांबी साडेवीस मिनिटांच्या थोडी वर आहे. उरलेल्या अर्ध्या मिनिटासाठी नजर पडवीतल्या दोन भावांच्या बोलण्यावर आहे. धाकटा म्हणतो, “तिला न विचारता कागद करायला नको होता.” हे वाक्य गेलं तर दोघे भाऊ एकसारखे होतात, आणि तसं मला नको आहे. वेळ त्याच्या आधीच्या आंब्याच्या कलमांच्या गप्पांतून काढावा लागेल. तिथे दोघे एकाच मास्टर शॉटमध्ये आहेत आणि मध्ये जायला दुसरा शॉट नाही. रविवारी सीनची सुरुवातच पुढे ओढून बघणार आहे: दादा तंबाखू मळत गप्प, आणि पहिलं वाक्य धाकट्याचं.