दंडावर सारखंच प्रेशर, आत मात्र वेगळं

मुलगा एकवीस वर्षांचा, उंची सहा फूट एक इंच, अंगानं शिडशिडीत आणि रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळणारा. बोटीवरच्या नोकरीसाठी मेडिकल करायला गेला आणि प्रेशर निघालं 146/76. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर ‘तूर्त अनफिट’ असं लिहून त्याला परत पाठवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं तरी वरचा आकडा 144. आमच्या घरी लगेच किसमूर बंद, लोणचं बंद. मला मात्र वेगळीच काळजी लागली. माझं स्वतःचं प्रेशर वर्षभर 144/86 च्या आसपास होतं आणि गोळी घ्यायला मी टाळाटाळ करत होतो. वाटलं, आपलंच दुखणं पोराला गेलं.

ओळखीतून पणजीतल्या एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंचं नाव कळलं. मये गावातून आम्ही चोडणची फेरी धरून रायबंदरला उतरलो. त्यांनी दोघांचे कागद बघितले आणि म्हणाल्या, “वरचा आकडा दोघांचाही जवळपास सारखाच आहे. पण तो दंडातला. हृदयाच्या तोंडाशी महाधमनीत किती दाब आहे ते बघूया. उद्या दोघेही या, सकाळी चहा-कॉफी न घेता.”

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं, बोलायचं नाही. हे दिसतं सोपं, पण मी फेरी गाठायला धावत आलो होतो. आल्या आल्या माझं प्रेशर 156 होतं. बाई म्हणाल्या, या दाबावर नाडीच्या लाटेचा वेग मोजला तर तोही फुगून येईल, कारण दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि ताणलेली भिंत कडक वागते. म्हणून मला आणखी वाट बघावी लागली.

आधी दंडाला पट्टा लावून प्रेशर घेतलं. मग पेन्सिलीएवढा एक सेन्सर मनगटाच्या नाडीवर अलगद टेकवला. पडद्यावर प्रत्येक ठोक्याची लाट उमटू लागली. मुलाची लाट सरळ वर चढून टोकदार शिखर करत होती. माझ्या लाटेला शिखरावरून उतरताना खांद्यासारखा फुगवटा, आणि माथा पसरट. मनगटावरच्या लाटेवरून यंत्र गणितानं महाधमनीतली लाट काढतं. मुलाचा आतला दाब आला 122/77. माझा 136/87. दंडावर मुलाचा वरचा आकडा 146 आणि माझा 144 होता, म्हणजे त्याचा चोवीसनं उतरला आणि माझा आठनंच.

मी विचारलं, दंडात दाब वाढतो तरी कसा, हृदय तर आत आहे? त्यांनी रायबंदरच्या धक्क्याचंच उदाहरण दिलं. फेरीची लाट धक्क्याच्या भिंतीवर आपटून मागे फिरते आणि मागून येणारी लाट तिला भेटली की तिथलं पाणी उंच उडतं. नाडीची लाटही हाताच्या बारीक फाट्यांवरून अशीच मागे फिरते. शिवाय तरुणाची महाधमनी मऊ असते आणि हातातल्या धमन्या त्या मानानं ताठ, त्यामुळे पुढे जाता जाता लाटेचं शिखर अरुंद आणि उंच होतं. उंच, सडपातळ, खेळणाऱ्या पोरांमध्ये हे जास्त दिसतं. दंडाचा पट्टा ते उंचावलेलं शिखर मोजतो. हृदयाला मात्र त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागत नाही.

माझं उलट होतं. वयानं महाधमनीतले लवचिक तंतू झिजतात आणि त्यांच्या जागी ताठ तंतूंचा भार वाढतो. ताठ नळीत लाट जोरात धावते, त्यामुळे मागे फिरलेली लाटही लवकर पोचते, हृदय अजून रक्त ढकलत असतानाच. ती वरच्या दाबात भर घालते. मुलाची मागे फिरलेली लाट हृदयाची झडप मिटल्यावर पोचते आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या भरायला मदतच करते. माझ्या लाटेवरचा तो खांदा या लवकर परतलेल्या लाटेचा होता.

लाट धावते किती वेगानं, ते पुढे मोजलं. छातीला ईसीजीच्या तारा, सेन्सर आधी मानेवर, मग जांघेत. (लाज वाटणाऱ्यांनी सैल पँट घालून जावं, नर्स वर चादर घालते.) हृदयाच्या ठोक्यापासून लाटेचा पाया मानेत कधी पोचला आणि जांघेत कधी, यातला फरक म्हणजे वेळ. हा वेग रक्त वाहण्याचा नव्हे, धडधडीच्या लाटेचा. रक्त त्यामानानं फार सावकाश जातं.

वेळ यंत्र देतं, अंतर माणसाला मोजावं लागतं. घोटाळा तिथेच झाला. नर्सनं टेप मान ते जांघ माझ्या पोटावरून नेली. 66 सेंटिमीटर. वेग आला 11.7 मीटर प्रति सेकंद. बाईंनी आकडा बघून माझ्या पोटाकडे बघितलं. धमनी काही ढेरीवरून वळसा घेत नाही! मग चपलांच्या दुकानात पाऊल मोजतात तसलं सरकतं माप आणलं, फक्त लांब, आणि सरळ रेषेत मोजलं. 60 सेंटिमीटर. त्याचे 80 टक्के धरायचे, म्हणजे 0.48 मीटर. वेळ 45 मिलिसेकंद, म्हणजे 0.045 सेकंद. भागाकार 10.7. मुलाचं अंतर 63, म्हणजे 0.504 मीटर, वेळ 90 मिलिसेकंद, वेग 5.6.

वेगाची हद्द 10 ची, त्यावर गेला की महाधमनी ताठ झाली असं धरतात. पूर्वी 12 होती. 2012 पासून अंतराचे 80 टक्के धरायचं ठरलं म्हणून ती खाली आली. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवायचा तर अंतर कसं धरलंय ते आधी विचारावं, नाहीतर तब्येत सुधारली अशी खोटी समजूत होते.

आता माझ्या डोक्यात शिरलं होतं की 122 चा कागद दाखवला की मुलाचं काम झालं. बाईंनी तिथेच थांबवलं. आतला दाब हा दंडाच्या आकड्यावर बेतलेला हिशेब आहे. दंडाचा पट्टा चुकला तर तोही चुकतो. औषध द्यायचं की नाही, हे अजून दंडाच्या आकड्यांवरच ठरतं. आणि अशा तरुणांचा हा वाढलेला वरचा आकडा पुढेही निरुपद्रवी राहतो का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. म्हणून त्यांनी मुलाला चोवीस तासांचं मशीन लावलं. दिवसभराची सरासरी 128/72 आली.

मेडिकलवाल्या डॉक्टरांनी खरोखरच 122 चा कागद बाजूला सरकवला. “या आकड्याला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही,” म्हणाले. मला राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. चोवीस तासांचा रिपोर्ट त्यांनी वाचला, मुलाला शांत बसवून तीनदा मोजलं, शेवटचं 134/76 धरलं आणि सही केली. दरवर्षी मोजायचं, हे बाईंनी मुलाकडून कबूल करून घेतलंय.

गोळी मला सुरू झाली. येताना फेरीवर मुलगा म्हणाला, “बाबा, आता लोणचं फक्त तुमचं बंद.” वर्षानं माझा वेग पुन्हा मोजायचा आहे, त्यासाठी बाईंनी फाईलच्या आतल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलंय: सरळ माप, 60, पोटावरून नाही.