निमाला उत्तर

रात्रीचे साडेअकरा. निमाला उत्तर पाठवलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला होता, सुरतेहून. "ओळखलं का वं? दहावी ब. माय हिवाळ्यात गयी. यंदा तिची घागर भरी." एवढंच. दहावीनंतर तिचं लग्न झालं, ती सुरतेतल्या उधन्याला गेली आणि तेव्हा दोघींच्याही घरी फोन नव्हता. मग जे तुटलं ते तुटलंच.

आधी मी भलं मोठं लिहिलं: शाळा, बाई, बोरी नदीतली सखाराम महाराजांची जत्रा, माझी मुलं, नोकरी. वाचून पाहिलं आणि सगळं काढून टाकलं. तिने मायची बातमी सांगितली होती, मग उत्तरही तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. "इतकी वर्षं कुठे होतीस" हेही लिहिलं नाही. त्याला माणूस काय उत्तर देणार? शाळेच्या ग्रुपमध्येही तिला घातलं नाही. ती मला एकटीला बोलली आहे, चाळीस जणांना नाही.

तिच्या मायचं, काकूंचं, मला जे आठवतं ते लिहिलं. आखाजीच्या आदल्या दिवशी मागच्या अंगणात चूल पेटायची, त्यावर खापर पालथं. काकू पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायच्या. मांडा इतका पातळ व्हायचा की आतलं पुरण दिसायचं. मग एका झटक्यात खापरावर, आणि एक सुरकुती नाही. आम्ही दोघी शिकायला बसायचो. पहिला फाटलेला मांडा काकू आम्हालाच खायला द्यायच्या, वर आमरस. दुसऱ्यांदा फाटला तरी रागवायच्या नाहीत.

शेवटी एकच विचारलं: "काकूंचं खापर कोणाकडे शे?" सहज उत्तर देता येईल असं काहीतरी विचारावं असं वाटलं. "कशी शेस" ला "बरी शे" म्हणून माणूस थांबतो. आणि मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. काकूंचं खापर भावाच्या घरी माळ्यावर पडलं असेल, असं वाटून जीव तुटत होता.

दोन मिनिटांत निळ्या खुणा, मग "टाईप करत आहे", मग बंद, मग परत सुरू. माझं काळीज धडधडत होतं.

"मन्हाकडेच शे. धा दिवस झाल्यावर घरनं काढीसन आणं. गाडीत मांडीवर धरीसन. पण मांडा हातावरच फाटस."

मी लिहिलं, "पीठ जास्त तिंबत जा, आणि तेल लाव. काकू तासभर मळायच्या."

"तू ये ना. दाखव."

सुरतेची गाडी अमळनेरहूनच जाते. रविवारी दुपारी फोनवर बोलून तारीख ठरवायची आहे. सुट्टीचा अर्ज उद्याच टाकते.