चार कंट्रोलर, पडदा एक

“यावर लोकल लिहिले आहे, म्हणजे चौघे एकाच टीव्हीवर खेळतील,” असे सांगत दुकानदाराने ‘मॉन्स्टर हंटर राइज’सोबत जादा कंट्रोलर पुढे केले, तेव्हा शेजारच्या ताईंसाठी मला मध्ये बोलावेच लागले.

निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलच्या खेळांच्या माहितीत ‘Local wireless’ असेल, तर त्या प्रकारे खेळायला एकाहून जास्त स्विच लागतात. एका पडद्यावर किती जण खेळू शकतील, हे ‘Single System’पुढचा आकडा सांगतो. ‘मॉन्स्टर हंटर राइज’साठी तो १ आहे, ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’साठी मात्र १ ते ४.

शिवाय स्विचसोबत येणाऱ्या जॉयकॉन या छोट्या कंट्रोलरची एक जोडी सुटी करून आडवी धरली की त्यात दोघे खेळतात, त्यामुळे ‘मारिओ कार्ट’ चौघांनी खेळायला ताईंना एकच जादा जोडी पुरली.

विक्रीपूर्वी हा आकडा दाखवायला कितीसा वेळ लागतो?