सातशेवीस किलोंचा फरक: आमची वाटचाल

रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान होतं. आसपास आंब्याच्या रसाचं कॅनिंग करणारे कारखाने असल्यामुळे मे-जूनमध्ये दुकानात डब्यांची लेबलं, चलनं आणि पॅकिंग लिस्ट टाइप करून घ्यायला गर्दी व्हायची. एका हंगामात एक निर्यातदार साहेब आले आणि म्हणाले, "ताई, मी चार युनिटांकडून माल घेतो. प्रत्येक युनिटचा सुपरवायझर गाडी भरली की पॅकिंग लिस्टचा फोटो पाठवतो. बिल माझ्या ऑफिसात बनतं. दोन्ही जुळवता जुळवता रात्रीचा एक वाजतो. हे काम तुम्ही घ्याल का?"

मी आणि माझ्या जावेने ते काम घेतलं. आज आम्ही पाच जणी हेच काम करतो. फोटोतून पेट्या, नग आणि वजनं काढायची आणि बिलाच्या ओळींसमोर ठेवता येतील अशा ओळी बनवायच्या. ऐकायला हे टायपिंगच वाटतं. पहिली दोन वर्षं आम्हीही तसंच समजत होतो.

मग फोटोंची संख्या वाढली आणि माझ्या भाच्याने टेसरॅक्ट बसवून दिलं. फोटोतली अक्षरं वाचणारा हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. आम्ही तो असा चालवतो:

```
tesseract list.jpg out --psm 6 tsv
```

शेवटच्या `tsv` मुळे प्रत्येक शब्द कागदावर कुठे आहे तेही मिळतं. डावीकडून किती अंतरावर, वरून किती खाली आणि वाचन कितपत खात्रीचं. या माहितीचं महत्त्व आम्हाला उशिरा कळलं, आणि तेही एका चुकीतून. ती चूक सविस्तर सांगते, कारण आमची कामाची पद्धत तिच्यातूनच तयार झाली आहे.

लिस्ट एका कंटेनरची होती. सुपरवायझरने तीन ओळी लिहिल्या होत्या. पेटी क्रमांक १ ते ४८० हापूस रस, ३.१ किलोचे सहा डबे एका पेटीत. ४८१ ते ७६० तोच माल, पण लॉट वेगळा. ७६१ ते ९६० मध्ये ८५० ग्रॅमचे डबे, पेटीत चोवीस. पुढे दर पेटीचं नेट म्हणजे नुसत्या मालाचं वजन, दर पेटीचं ग्रॉस म्हणजे डबे-खोक्यासकट वजन, एकूण नेट, एकूण ग्रॉस आणि तळाला बेरजा. पेट्या किती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त "पासून-पर्यंत". आपल्याकडे बहुतेक लिस्ट अशाच असतात, कारण पेटीवर क्रमांक मारणाऱ्याला तेच सोयीचं पडतं.

कागदाची घडी नेमकी दुसऱ्या ओळीवरून गेली होती. तिथे 760 मधला सहा आठासारखा वाचला गेला आणि आमच्याकडे ४८१ ते ७८० आलं. म्हणजे तीनशे पेट्या. बिलावर हापूस रसाच्या ७६० पेट्या होत्या, आमच्या होत होत्या ७८०. फरक दिसल्यावर कागद पुन्हा पाहिला. पुढची ओळ ७६१ पासून सुरू होत होती, मग आधीची ७८० वर संपेल कशी? शिवाय त्या ओळीचं एकूण नेट ५,२०८ किलो लिहिलेलं होतं. दर पेटी १८.६ ने भागलं की बरोबर २८० येतात. फोटोतला आकडा धूसर होता, पण त्याच्या आजूबाजूचे आकडे त्याच्याबद्दल साक्ष देत होते. आम्हाला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात तिसरी ओळ नीट तपासायची राहिली.

तिसऱ्या ओळीत एकूण नेटच्या रकान्यावर युनिटचा गोल शिक्का पडला होता. त्याच्या शाईखालचा ४,०८० हा आकडा प्रोग्रामने वाचलाच नाही. आम्ही तेव्हा ओळीतले शब्द डावीकडून उजवीकडे मोजून रकान्यांत भरत होतो. एक शब्द गळला की पुढचा त्याच्या जागी सरकतो. तसाच एकूण ग्रॉसचा ४,८०० हा आकडा नेटच्या जागी येऊन बसला आणि ग्रॉसचा रकाना रिकामा राहिला.

आता योगायोग पाहा. दोनशे पेट्या गुणिले चोवीस डबे म्हणजे ४,८०० डबे, आणि बिलावरची त्या मालाची संख्या हीच होती. आम्ही बिलातला आकडा ओळीत शोधत होतो, तो सापडला, आणि मी स्वतः हिरवी खूण केली. बिलातले ४,८०० नग होते आणि आमच्या ओळीतले ४,८०० किलो. वजन आणि डबे एकमेकांशी जुळवून मी कागद पुढे पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी न्हावा-शेव्याहून साहेबांच्या सीएचएच्या, म्हणजे कस्टमचं काम पाहणाऱ्या एजंटच्या, ऑफिसातल्या मुलाचा फोन आला. "ताई, तुमच्या शीटमध्ये ग्रॉसपेक्षा नेट जास्त आहे. असं कसं होईल?" नेटची बेरीज १८,९३६ आणि ग्रॉसची १६,२६४ झाली होती. कस्टमकडे निर्यातीचं शिपिंग बिल अजून भरलेलं नव्हतं, म्हणून निभावलं. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं ग्रॉस वजन द्यावं लागतं. ते काट्यावर न घेता मालाच्या वजनांच्या बेरजेत रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवून काढलं असतं, तर आमचा रिकामा रकाना थेट त्यात गेला असता. पावणेपाच टनांहून जास्त वजन कमी दिसलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी कागद पुन्हा घेतला. तळाला सुपरवायझरने नेटची बेरीज १८,२१६ लिहिलेली होती. आमची १८,९३६. फरक ७२०. तिसऱ्या ओळीत दर पेटीचं ग्रॉस २४ आणि नेट २०.४, म्हणजे डब्यांच्या पत्र्याचं आणि खोक्याचं वजन ३.६ किलो. दोनशे पेट्यांचं ते बरोबर ७२० होतं. म्हणजे चूक कोणत्या ओळीत आहे एवढंच नाही, तर ग्रॉस नेटच्या जागी बसलं आहे हेही तो फरकच सांगत होता. बेरीज आदल्या दिवशी करून पाहिली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

तेव्हापासून पहिला बदल केला तो रकान्यांचा. शब्द कितवा आहे हे आता आम्ही पाहत नाही. वरच्या शीर्षकाचा शब्द डावीकडून जिथे आहे, त्याच्या खालच्या पट्ट्यात जो आकडा पडेल तो त्या रकान्याचा. शिक्क्याखाली काही वाचता आलं नाही तर तो रकाना रिकामाच राहतो, शेजारचा आकडा त्यात सरकत नाही. रिकामा रकाना ओरडून सांगतो की मला बघा, चुकीचा भरलेला मात्र गप्प बसतो. यासाठी फोटो आधी सरळ करावा लागतो, कारण कागद तिरका असला की पहिल्या ओळीचं उजवं टोक दुसऱ्या ओळीच्या उंचीला येतं. युनिटांनाही आम्ही विनंती केली की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र लहान होऊन येतं आणि बारीक टिंबं जातात. एक टिंब गेलं की १८.६ चे १८६ होतात.

दुसरा बदल एककाचा. संख्येबरोबर तिचं एकक वेगळ्या रकान्यात ठेवतो, वजनांचे रकाने किलोचेच असतात, आणि बिलाशी जुळवताना एकक वेगळं असेल तर जुळणी होतच नाही. त्याच लिस्टच्या ओळी आज अशा बनतात:

```
from,to,ctn,pack,unit,qty,net,gross
1,480,480,6x3.1kg,CTN,480,8928,10272
481,760,280,6x3.1kg,CTN,280,5208,5992
761,960,200,24x850g,NOS,4800,4080,4800
```

यात CTN म्हणजे पेट्या आणि NOS म्हणजे नग. शेवटच्या ओळीत ४,८०० दोनदा आहे, पण एक नग आहे आणि दुसरा किलो, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. बिलावर रस पेटीने विकलेला असतो आणि छोटे डबे नगाने, म्हणून लिस्टच्या ओळी आधी बिलाच्या एककात आणाव्या लागतात. पहिल्या दोन ओळी मिळून ७६० पेट्या होतात तेव्हा बिलाची एक ओळ जुळते. लिस्टमध्ये लॉटप्रमाणे ओळी फुटतात आणि बिलात मालाप्रमाणे एकत्र होतात, त्यामुळे एकास एक जुळवायला गेलं की खरा कागदही खोटा वाटू लागतो.

नेट वजन गुणाकाराने अगदी तंतोतंत यायला हवं, कारण डब्यावर छापलेलं वजन ठरलेलं असतं. ग्रॉसमध्ये आम्ही थोडी सूट देतो. दर पेटीचं ग्रॉस दोन-चार पेट्या काट्यावर ठेवून काढलेली सरासरी असते, कुणी गोल करून लिहितं, पावसाळ्यात खोक्यांचा पुठ्ठाही ओलावा धरतो. सुरुवातीला सूट दोन्हीकडे सारखी ठेवली होती, तेव्हा नेटमधली खरी चूक त्या सुटीत झाकली जायची.

आणि कागदच चुकलेला असेल तर? हा प्रश्न आम्हाला वारंवार पडतो. एकदा पेटी क्रमांक बरोबर होते, पण सुपरवायझरची बेरीजच चुकली होती. आमच्यातली नवीन मुलगी आकडा दुरुस्त करून मोकळी झाली. तिला मी समजावलं की आपण कागद वाचणारे आहोत, लिहिणारे नाही. लिहिलेला आकडा एका रकान्यात, हिशेबाने येणारा शेजारच्या रकान्यात, आणि फरक असेल तर युनिटला फोन. गाडी भरताना तिथे कोण उभं होतं, कोणती पेटी चेपली म्हणून काढली, हे इथे बसून आम्हाला कळणार नाही.

एक गोष्ट मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही. लॉट नंबर. पेट्या, नग, वजनं एकमेकांना सांभाळून घेतात, पण लॉट नंबरला गुणाकार नाही आणि बेरीजही नाही. त्यातला पाच सहा म्हणून वाचला गेला तर कुठलीही बेरीज बिघडत नाही. शिवाय दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हाही हिशेब गप्प राहतो. लॉटसाठी आम्ही जुनाच मार्ग धरला आहे. एक जण फोटोवरून मोठ्याने वाचते, दुसरी पडद्यावरचा प्रोग्रामचा आकडा न पाहता लिहून काढते, मग फोटो, लिहिलेलं आणि प्रोग्रामने वाचलेलं या तिघांची तुलना. एका लिस्टला यात दहा-बारा मिनिटं जातात. हंगामात रोज वीस-पंचवीस लिस्ट येतात, तेव्हा साहेब लोक घाई करतात, तरीही हे वाचन आम्ही सोडत नाही.

या वर्षी दोन युनिटांनी आमच्या सांगण्यावरून छापील नमुना वापरायला घेतला आहे. त्यात पेट्यांच्या संख्येचा वेगळा रकाना आहे आणि शिक्क्यासाठी खाली उजवीकडे मोकळी चौकट.