पासबुकाच्या एका पानाचा फोटो नव्हता, तेव्हा केलेलं जुळवणी पत्रक

एका छोट्या संस्थेचे हिशोब मी लिहिते. त्या महिन्याचं बँक जुळवणी पत्रक करायला बसले, तर पासबुकाच्या फोटोंमध्ये मधलं एक पानच नव्हतं. ११ तारखेनंतर पुढचा फोटो थेट १९ तारखेपासूनचा. कॅश बुकातही १२ ते १६ तारखांच्या नोंदी झालेल्या नव्हत्या. पासबुक ज्यांच्याकडे होतं ते प्रवासात होते. बँकेकडे खातेउतारा मागितला होता, पण तो हातात यायला दिवस लागणार होते.

आधी भक्कम जागा शोधली. ११ तारखेला पासबुकात शिल्लक ५१,२०० आणि कॅश बुकात ४८,७००. आम्ही दिलेला ८,५०० चा चेक तोवर वटला नव्हता आणि आम्ही भरलेला ६,००० चा चेक जमा झाला नव्हता. ४८,७०० मध्ये ८,५०० मिळवून ६,००० वजा केले की बरोबर ५१,२०० येतात. म्हणजे इथपर्यंत दोन्ही वह्या जुळलेल्या होत्या. ही जागा पक्की नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर उभं राहतं.

हरवलेलं पान वाचता येत नसलं, तरी त्याची एकूण उलाढाल काढता येते. पुढच्या पानावरची पहिली नोंद होती १९ तारखेची, ४,००० काढले, शिल्लक ३९,१५०. म्हणजे ते काढण्याआधी शिल्लक ४३,१५० होती. ५१,२०० वरून ४३,१५० वर, म्हणजे त्या पानावर जमा-नावे मिळून ८,०५० कमी झाले होते.

कॅश बुकातल्या राहिलेल्या नोंदींसाठी चेकबुकातल्या स्थळप्रती आणि भरणा पावत्या काढल्या. त्या पाच दिवसांत दोन चेक दिलेले निघाले, ५,४०० आणि २,६०० चे. एक चेक भरलेला होता, तोही २,६०० चाच. या नोंदी घातल्यावर कॅश बुकातली शिल्लक ४३,३०० झाली. मग ८,५००, ५,४०० आणि २,६०० गेले, ६,००० आणि २,६०० आले असं धरलं, तर ७,९०० कमी व्हायला हवे होते. कमी झाले होते ८,०५०. फरक १५० चा. बँकेचे शुल्क, असं मी लिहून टाकलं.

महिनाअखेरीसही सगळं जुळलं. १९ तारखेचे ४,००० वजा आणि ३० तारखेला भरलेला ३,५०० चा चेक जमा धरून कॅश बुकात ४२,८०० होते, शुल्क वजा जाता ४२,६५०. पासबुकातली शिल्लक ३९,१५०. त्यात ३० तारखेचा, अजून जमा न झालेला चेक मिळवला की तेच ४२,६५०.

पण ते १५० मला सलत होते. या खात्यात महिन्याच्या मध्येच असं शुल्क कधी पडलं नव्हतं. शिवाय एक गोष्ट उशिरा लक्षात आली: २,६०० चा एक चेक आलेला आणि तेवढ्याच रकमेचा एक गेलेला. दोन्ही त्या पानावर असोत वा नसोत, गोळाबेरीज तीच राहणार. एकमेकींना खाऊन टाकणाऱ्या या नोंदींबद्दल बेरीज काहीच सांगू शकत नव्हती.

ज्यांना आम्ही २,६०० चा चेक दिला होता त्यांना फोन केला.

“चेक वटवलात ना?”

“नाही हो, माझ्याकडेच पडून आहे. पुढच्या आठवड्यात भरते.”

मग आम्ही भरलेला चेक जमा झाला असेल, तर पासबुकातून २,६०० गेले ते कशाचे? ते १५० धरले तर उत्तर एकच दिसत होतं: आम्ही भरलेला चेक आधी जमा झाला आणि न वटता परत गेला. एकदा आले, एकदा गेले. १५० हे चेक परत आल्याचं शुल्क. खातेउतारा आला तेव्हा तसंच निघालं: १४ तारखेला जमा, १६ ला नावे, खाली लगेच शुल्क.

पत्रक पुन्हा केलं. कॅश बुकातल्या ४२,८०० मधून परत आलेल्या चेकचे २,६०० आणि शुल्काचे १५० वजा केले, ४०,०५० राहिले. या दोन्ही नोंदी पत्रकात नुसत्या दाखवून भागत नाही, कॅश बुकातही घालाव्याच लागतात. पासबुकाच्या ३९,१५० मध्ये ३,५०० मिळवले आणि न वटलेला २,६०० चा चेक वजा केला. तेही ४०,०५०.

आधीचं पत्रकही जुळतच होतं, म्हणून ही गोष्ट इतक्या तपशिलात लिहिते आहे. त्यात शिल्लक २,६०० नी जास्त दिसत होती आणि ज्यांचा चेक परत आला त्यांच्याकडचं येणं वहीतून नाहीसं झालं होतं. ते २,६०० त्यांच्या नावे परत टाकले आणि त्याच दुपारी त्यांना पैशांसाठी कळवलं.